सॉलिडवर्क्समध्ये फिरणारा गिअरबॉक्स आणि ओव्हर डिफाइन्ड मेट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिअरबॉक्सच्या असेंब्लीत मेट लाल-पिवळे झाले की लोक जे विचारतात ते सगळं इथे एकत्र केलंय. उदाहरणाला सगळीकडे एकच रिड्यूसर धरलाय: दोन स्टेज, तीन शाफ्ट, इनपुट पिनियन २० दातांचा, मधल्या शाफ्टवर ६० चा गिअर आणि १८ चा पिनियन, आउटपुटला ५४ चा गिअर. पहिल्या जोडीचं मॉड्यूल २ म्हणून सेंटर डिस्टन्स ८० मिमी, दुसऱ्या जोडीचं २.५ म्हणून ९० मिमी. एकूण रेशो ३ गुणिले ३, म्हणजे ९. हाऊसिंग दोन साइड प्लेट्सचं, प्रत्येकीत बेअरिंगची तीन बोअर, आणि डावी प्लेट फिक्स केलेली.

१. ओव्हर डिफाइन्ड म्हणजे नक्की काय? नावापुढे ही (+), (-), (?) चिन्हं येतात ती काय सांगतात?

एखाद्या पार्टची जागा किंवा कोन दोन वेगवेगळ्या मेट्सनी सांगितलाय आणि त्या दोघांचं उत्तर जुळत नाहीये, एवढंच. (+) म्हणजे तो पार्ट ओव्हर डिफाइन्ड, (-) म्हणजे अजून हलू शकतो, (f) म्हणजे फिक्स केलेला, (?) म्हणजे सॉल्व्हच झाला नाही. शाफ्टपुढे (-) दिसला की काही लोक घाबरतात आणि तो जाईपर्यंत मेट टाकत बसतात, पण फिरणाऱ्या शाफ्टला (-) असायलाच हवा, तो गेला म्हणजे शाफ्ट बांधला गेला.

एकच गोष्ट दोनदा सांगितली म्हणून लगेच भांडण होत नाही हेही लक्षात ठेवा. शाफ्ट बोअरला कॉन्सेंट्रिक केला आणि शोल्डर प्लेटला कॉइन्सिडेंट केला तर शाफ्टचा तिरकेपणा दोन्ही मेट्स रोखतात, पण बोअर प्लेटला काटकोनात आहे म्हणून दोघांचं म्हणणं एकच निघतं आणि सॉलिडवर्क्स ते खपवून घेतं. बोअर जरा जरी तिरकं झालं की तीच जोडी लाल होते.

२. पूर्ण मेट केलेल्या गिअरबॉक्समध्ये किती फ्रीडम उरायला हवी?

एक. मोजायला सोपं आहे. मोकळ्या पार्टला सहा फ्रीडम असतात, कॉन्सेंट्रिक मेट चार काढून घेतं, शोल्डरचं कॉइन्सिडेंट शाफ्टचं पुढेमागे सरकणं थांबवतं, म्हणजे पाच गेल्या आणि स्वतःभोवती फिरणं उरलं. तीन शाफ्ट म्हणजे तीन फिरणी, त्यातली दोन गिअर मेट्सनी एकमेकांना बांधली, उरलं एक. इनपुट शाफ्ट माऊसने ओढला की आउटपुट नऊपट हळू फिरला पाहिजे. एखादा शाफ्ट एकटाच सुटा फिरत असेल तर गिअर मेट राहिलंय, काहीच हलत नसेल तर प्रश्न ६ बघा.

मी तरी प्रत्येक शाफ्ट बसवला की तिथेच ओढून बघायला सांगेन, कारण तीस मेट झाल्यावर शोधणं आणि तीन मेट झाल्यावर शोधणं यात फार फरक पडतो.

३. पंधरा मेट्सवर पिवळं चिन्ह आलंय, त्यातला नेमका कुठला डिलीट करू?

लगेच कुठलाच नको. लाल म्हणजे ते मेट पूर्ण होत नाहीये, पिवळं म्हणजे ते पूर्ण होतंय पण भांडणात त्याचा सहभाग आहे. सॉलिडवर्क्स सगळे मेट्स एकत्र सोडवतं, तुम्ही कुठल्या क्रमाने टाकले त्याने फरक पडत नाही, त्यामुळे शेवटी टाकलेलं मेट लाल झालं म्हणून दोष त्याचाच असं धरून चालू नका. बऱ्याचदा ते बिचारं बरोबर असतं आणि आधीच्या एखाद्याने वाट अडवलेली असते.

मेनूत Tools > Evaluate मध्ये `MateXpert` आहे, ते उघडून Diagnose दाबा. ते भांडणारे मेट्स छोट्या गटांत वेगळे काढून देतं, आणि न जुळणारं मेट सिलेक्ट केलं की त्यातले फेस किती अंतराने किंवा किती अंशाने चुकतायत ते सांगतं. हा आकडा मला सगळ्यात कामाचा वाटतो. ०.०२ मिमी असेल तर कुठल्यातरी पार्टचं डायमेन्शन चुकलंय (प्रश्न ४), ०.५ वगैरे असेल तर क्लिअरन्स विसरला गेलाय (प्रश्न ५), आणि विचित्र अंश दिसले, ७.३ सारखे, तर दात जुळवायचं मेट चालू राहिलंय (प्रश्न ७).

त्यानेही उलगडा नाही झाला तर अर्धे-अर्धे करत जा: संशयित मेट्सपैकी निम्मे सप्रेस करा, `Ctrl+Q` मारून पूर्ण रिबिल्ड करा, भांडण मिटलं तर दोषी त्या निम्म्यात, नाही मिटलं तर उरलेल्यात. सोळा मेट्स असले तर साधारण चार फेऱ्यांत सापडतं. डिलीट मात्र करू नका, सप्रेसच करा, कारण चुकीचं मेट कळल्यावर बाकीचे परत चालू करायचे असतात.

४. शाफ्ट डाव्या प्लेटला कॉन्सेंट्रिक होतो, उजव्या प्लेटला केला की लाल. दोन्हीकडे बेअरिंग आहेत, मग दोन्हीकडे मेट नको का?

आधी बघा की भांडण मेटचं आहे का पार्टचं. समजा उजवी प्लेट डाव्या प्लेटला दोन डॉवेल होलनी बसवली. इनपुट शाफ्ट दोन्ही बोअरमध्ये नीट बसला. मधला शाफ्ट डावीकडे बसला, उजवीकडे लाल, आणि `MateXpert` म्हणतंय ०.०२ मिमी. आता दोन्ही प्लेट्स वेगवेगळ्या उघडून बोअर सेंटर मोजा. डावीत ८०.०० आहे, उजवीत ८०.०२, कारण उजवीचं स्केच बाहेरून आणलेल्या ड्रॉइंगवरून काढलं होतं. प्रत्यक्षात ०.०२ बेअरिंगच्या क्लिअरन्समध्ये जिरूनही जाईल पण मेटला असली सूट नसते, त्याला दोन्ही अक्ष एका रेषेतच हवेत.

इथे मेट काढून टाकणं हा चुकीचा इलाज आहे. एरर जाईल, पण चुकलेली प्लेट तशीच मशीनिंगला जाईल. प्लेट दुरुस्त करा, आणि जमलं तर दोन्ही प्लेट्सची बोअर एकाच लेआउट स्केचवरून चालवा, म्हणजे ८० आणि ९० हे आकडे फाइलमध्ये एकाच जागी राहतील.

आता दुसरा भाग. प्लेट्स बरोबर असल्या तरी शाफ्टला दोन्ही बोअरशी मेट करायची गरज नसते. शाफ्ट एका प्लेटच्या बोअरला बांधा, बेअरिंग शाफ्टला बांधा, बस. हाऊसिंगपासून प्रत्येक पार्टपर्यंत जायला एकच वाट असावी. हाऊसिंगवरून शाफ्ट आणि शाफ्टवरून बेअरिंग झाल्यावर परत बेअरिंगवरून हाऊसिंग केलं की वर्तुळ पूर्ण होतं, आणि वर्तुळ झालं की कुठलंही एक डायमेन्शन बदलल्यावर सगळं लाल. उजवीकडे खरंच जुळतंय का हे बघायला इंटरफिअरन्स डिटेक्शन किंवा मेजर वापरा.

५. बेअरिंग शोल्डरला पण टेकवायचं आणि कव्हरला पण टेकवायचं, दुसरं कव्हर लावलं की ओव्हर डिफाइन्ड. असं का?

आकड्यांनी बघू. मधल्या शाफ्टवर दोन ६२०५ बेअरिंग आहेत, प्रत्येकाची रुंदी १५ मिमी. शाफ्टच्या दोन शोल्डरमधलं अंतर ९० मिमी. म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या तोंडापासून तोंडापर्यंत ९० अधिक १५ अधिक १५, १२० मिमी. दोन्ही कव्हर बसल्यावर त्यांच्या आतल्या तोंडांतलं अंतर डिझायनरने मुद्दाम १२०.५ ठेवलंय, कारण शाफ्ट गरम होऊन लांबतो आणि त्याला अर्धा मिलिमीटर जागा लागते. तुम्ही डावं बेअरिंग डाव्या कव्हरला टेकवलं, दोन्ही बेअरिंग आपापल्या शोल्डरला टेकवली, मग उजवं बेअरिंग उजव्या कव्हरला कॉइन्सिडेंट केलं. १२० आणि १२०.५ एक कसे होणार, `MateXpert` ०.५ दाखवणार.

खऱ्या गिअरबॉक्समध्ये एक बेअरिंग अक्षाच्या दिशेने पक्कं धरलेलं असतं आणि दुसऱ्याची बाहेरची रिंग बोअरमध्ये सरकू शकते. मेट्समध्ये पण तेच करा. डावं बेअरिंग कव्हरला टेकवा, उजवं फक्त शाफ्टच्या शोल्डरला, उजव्या कव्हरशी त्याचं काही नातं नको, आणि उजवं कव्हर आपलं उजव्या प्लेटवर बोल्टच्या होलनी बसवा. उरलेली फट मेजरने तपासा, ०.५ आली की डिझाइनही बरोबर आणि मेट्सही.

६. एकही एरर नाही, सगळं हिरवंगार, तरी गिअर फिरत नाही. हे पण ओव्हर डिफाइन्डच का?

नाही, हा पूर्ण बांधला गेलेला गिअरबॉक्स आहे, फक्त बांधणाऱ्या मेट्सचं आपसात पटलेलं आहे. पण नंतर त्यावर गिअर मेट टाकलं की हाच ओव्हर डिफाइन्ड होतो, म्हणून आधी मोकळा करायला हवा. मी या चार जागा बघतो.

पहिली, शाफ्ट चुकून फिक्स झालाय का. असेंब्लीत सगळ्यात आधी आणलेला पार्ट आपोआप (f) होतो, त्यामुळे हाऊसिंगच्या आधी शाफ्ट आणला असेल तर तो खिळल्यासारखा बसतो. राइट क्लिक करून Float करा. दुसरी, कॉन्सेंट्रिक मेटमध्ये `Lock rotation` टिक झालंय का. ही टिक बोल्ट फिरू नयेत म्हणून चांगली आहे, पण शाफ्ट आणि बोअरच्या मेटवर लागली की संपलं. तिसरी जागा सगळ्यात फसवी आहे: गिअर असेंब्लीच्या आतच बनवलेला असेल तर मेट्समध्ये `InPlace1` असं एक मेट आपोआप येतं आणि ते गिअरला सगळ्या दिशांनी जखडतं. ते काढून नेहमीचे कॉन्सेंट्रिक आणि कॉइन्सिडेंट लावा, पण त्याआधी गिअरच्या स्केचमधले बाहेरचे रेफरन्स तोडा, नाहीतर शाफ्ट हलला की गिअरचा आकारच बदलायला लागेल. चौथी, रिजिड सबअसेंब्ली, त्याबद्दल प्रश्न १० मध्ये.

७. दात एकमेकांत घुसू नयेत म्हणून दाताच्या बाजूला टॅन्जंट मेट टाकलं, मग गिअर मेट टाकलं की भांडण. दोन्ही कसं जमवायचं?

दोन्ही एकत्र चालू ठेवायचेच नाहीत. गिअर मेटला दात दिसत नाहीत, ते फक्त दोन अक्षांची फिरणी बांधतं. मेट लावताना गिअर ज्या कोनात उभे असतात तिथून ते मोजायला सुरुवात करतं. टॅन्जंट मेट मात्र म्हणतं की हे दोन दात कायम चिकटलेले हवेत, म्हणजे फिरायचंच नाही.

क्रम असा ठेवा. पिनियनमध्ये दाताच्या मधोमध जाणारा एक प्लेन काढा, समोरच्या गिअरमध्ये दोन दातांच्या खाचेच्या मधोमध जाणारा प्लेन काढा. दोन्ही प्लेन सेंटर लाइनवर, समोरासमोर आणा. हे करताना मेटच्या पॅनेलमध्ये खाली `Use for positioning only` टिक करा, म्हणजे पार्ट जागेवर येतो आणि मेट मागे राहत नाही. मग लगेच गिअर मेट टाका. पुन्हा पुन्हा जुळवायला लागणार असेल तर टिक न करता खरं मेट ठेवा, त्याला ओळखू येईल असं नाव द्या आणि सप्रेस करून ठेवा. जुळणी बिघडली की गिअर मेट सप्रेस, जुळणीचं मेट चालू, रिबिल्ड, मग परत उलट.

टूलबॉक्समधले गिअर वापरत असाल तर एवढं जुळवूनही कुठेतरी थोडं इंटरफिअरन्स दिसेल, त्यांचे दात खऱ्या इनव्होल्यूटचे नसतात, दाखवण्यापुरते असतात. ते मेट्सनी दुरुस्त करायला जाऊ नका.

८. गिअर मेटचा रेशो आपोआप भलताच येतो. आणि इनपुट-आउटपुटमध्ये थेट ९:१ चं मेट टाकलं तर सगळंच लाल का होतं?

रेशो तुम्ही सिलेक्ट केलेल्या गोल फेसच्या आकारावरून येतो. बोअर सिलेक्ट केलीत तर बोअरच्या व्यासांचा रेशो येणार, ३० आणि २५ असं काहीतरी. बोअर सिलेक्ट करणं चांगलंच आहे, दातांच्या फेसपेक्षा ते टिकतं, फक्त आकडे खोडून दातांची संख्या लिहा, २० आणि ६०. दिशा उलटी आली तर `Reverse` टिक करा.

थेट ९:१ चं मेट जास्तीचं आहे. दोन जोड्यांनी ते आधीच ठरलंय. आकडे तंतोतंत आणि दिशा बरोबर असेल तर कदाचित चालून जाईल, पण दोन बाहेरच्या जोड्यांमध्ये इनपुट आणि आउटपुट एकाच दिशेने फिरतात आणि थेट मेट त्यांना उलटं फिरवायला बघतं, मग भांडण. २१, ६४ असल्या दातांचा रेशो दशांशात गोल करून लिहिला तरी तेच होतं. जास्तीचं मेट काढा आणि दातांची संख्या कायम पूर्णांकातच लिहा.

९. की आणि कीवेला दोन्ही बाजूंनी कॉइन्सिडेंट केलं की कधी चालतं कधी नाही.

की ८.०० आणि हबची खाच ८.०२ असली की नाही चालणार, कारण दोन्ही बाजू एकदम टेकूच शकत नाहीत. अॅडव्हान्स्ड मेट्समधलं विड्थ मेट वापरा, ते कीला खाचेच्या मधोमध ठेवतं, रुंदी कितीही असो.

१०. शाफ्ट सबअसेंब्लीत ठेवू का? फ्लेक्सिबल केलं की जास्तच एरर येतात.

प्रत्येक शाफ्टची एक सबअसेंब्ली करा, शाफ्ट, की, त्यावरचे गिअर, बेअरिंग सगळं त्यात, आणि ती रिजिडच ठेवा. एवढा सगळा संच एकदम फिरतो, त्याला आतून हलायची गरजच नाही. गिअर मेट्स वरच्या असेंब्लीत टाका. बेअरिंगची बाहेरची रिंगही शाफ्टबरोबर फिरताना दिसेल, ते चालत नसेल तर तेवढी रिंग वरच्या असेंब्लीत वेगळी ठेवा.

एरर येतात ते तीनही शाफ्ट एकाच सबअसेंब्लीत भरल्यावर. रिजिड ठेवली तर आतलं गिअर मेट वरून ओढल्यावर हलत नाही. फ्लेक्सिबल केली तर आतले मेट्स वरच्या मेट्सबरोबर एकत्र सोडवले जायला लागतात, आणि आत शाफ्टमध्ये ८० चं डिस्टन्स मेट, वर हाऊसिंगच्या बोअरशी कॉन्सेंट्रिक, असं सेंटर डिस्टन्स दोनदा सांगितलं जातं. फ्लेक्सिबलच हवी असेल तर आतलं डिस्टन्स मेट काढा.

११. तीन स्पीडचा कॉन्स्टंट मेश गिअरबॉक्स आहे. पहिल्या गिअरला नीट फिरतो, कॉन्फिगरेशन बदललं की कधी अडकतो, कधी ओव्हर डिफाइन्ड होतो. नक्की काय होतंय?

बहुतेक दोन गिअर एकदम लॉक झालेत. याचं गणित मांडून बघू. इनपुटचा २० चा गिअर लेशाफ्टच्या ४० ला लागतो. लेशाफ्टवर १८, २४ आणि ३० चे गिअर पक्के, त्यांच्यासमोर मेन शाफ्टवर ४२, ३६ आणि ३० चे मोकळे फिरणारे. सगळ्या जोड्यांची बेरीज ६०, म्हणून एकाच मॉड्यूलला सेंटर डिस्टन्स सगळीकडे सारखं. रेशो साधारण ४.६७, ३ आणि २.

फिरणारे तुकडे सहा: इनपुट, लेशाफ्ट, तीन मोकळे गिअर, मेन शाफ्ट. गिअर मेट्स चार. उरल्या दोन फ्रीडम, म्हणजे हा न्यूट्रल: इनपुट वेगळा फिरतो, आउटपुट वेगळा. ४२ चा गिअर मेन शाफ्टला लॉक केला की उरली एक, पहिला गिअर पडला. आता ३६ चाही लॉक राहिला असेल तर मेन शाफ्टला इनपुटच्या वेगाला ४.६७ ने भागून येणाऱ्या वेगानेही फिरायचंय आणि ३ ने भागून येणाऱ्या वेगानेही, हे फक्त वेग शून्य असतानाच शक्य आहे. म्हणून अडकतो. गंमत अशी की दोन्ही लॉक टाकताना गिअर ज्या कोनात होते तिथे ते पटतात, एरर येत नाही. दुसऱ्या कॉन्फिगरेशनमध्ये फिरवून परत आलात की कोन बदललेले असतात, आता तेच दोन मेट्स पटत नाहीत आणि लाल होतात. म्हणून कधी हे, कधी ते.

इलाज असा की लॉक करणाऱ्या तीन मेट्सना `Lock_1`, `Lock_2`, `Lock_3` अशी नावं द्या आणि प्रत्येक कॉन्फिगरेशनमध्ये एकच चालू, बाकी दोन सप्रेस, न्यूट्रलमध्ये तिन्ही सप्रेस. सप्रेस करताना `This configuration` निवडलंय ना ते बघा, इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. लॉकसाठी प्लेन पॅरलल केले तर कॉन्फिगरेशन बदलताना सगळी गिअर ट्रेन फिरून त्या कोनावर यावी लागते. ते नको असेल तर गिअर आणि मेन शाफ्टमध्ये १:१ चं गिअर मेट टाका, दोघं एकाच दिशेने फिरतील असं `Reverse` ठेवून, त्याला ठरावीक कोन लागत नाही. मात्र डॉग क्लचचे दात तेव्हा एकमेकांत घुसलेले दिसू शकतात, चित्रासाठी हवं असेल तर पॅरललच घ्या.

१२. काल चालत होतं, आज फाइल उघडली तर लाल. मी काहीच बदललं नाही.

पार्ट कोणीतरी बदललाय का बघा. आधी हे ठरवा की मेटचा फेसच हरवलाय का खरंच भांडण आहे. मेट एडिट करायला उघडा, सिलेक्शनच्या यादीत एखादी गोष्ट गायब दिसली तर फेस पुन्हा निवडला की झालं, बाकी कशाला हात लावू नका. यादी पूर्ण असेल तर प्रश्न ३ पासून सुरू करा. दाताच्या फेसऐवजी अक्ष आणि मुख्य प्लेन्सना मेट केलेलं असेल तर दातांची संख्या बदलली तरी मेट तुटत नाही.

१३. प्लेटची दोन डॉवेल होल थोडी चुकलीत आणि ती तशीच ठेवायची आहेत. दोन कॉन्सेंट्रिक टाकता येतील का?

सॉलिडवर्क्स २०१८ पासून येतील. त्याच दोन पार्ट्समध्ये दुसरं कॉन्सेंट्रिक मेट टाकताना चुकलेपण चालवून घेण्याचा पर्याय असतो, एक होल तंतोतंत बसवायचं का चूक दोन्हीकडे सारखी वाटायची ते निवडा. जुन्या व्हर्जनला एका होलला कॉन्सेंट्रिक आणि प्लेटच्या कडेला पॅरलल करा. बोल्ट-डॉवेलसाठी हे ठीक आहे, पण शाफ्टच्या बोअरसाठी ही सूट वापरू नका, तिथे चुकलेला आकडा म्हणजे सेंटर डिस्टन्सची चूक आणि ती थेट दातांच्या बॅकलॅशमध्ये उतरते.